जिहाद: नफ्सशी झगडा की हत्यारी बचाव? नेमकं कशाला काय म्हणतात

निशिगंध
दोन गोष्टी कायम कानावर येतात आणि दोन्ही पूर्ण खात्रीने सांगितल्या जातात. एक, खरा जिहाद मनातला असतो, तलवारीचा तो धाकटा, आणि युद्धावरून परतताना खुद्द पैगंबरांनीच असं म्हटलं होतं. दोन, हे सगळं नंतर लावलेलं साखरेचं आवरण आहे, जिहाद म्हणजे लढाईच. यातलं मूळ ग्रंथांत काय सापडतं आणि काय नाही? घोषणा नकोत, संदर्भासकट कुणी सांगेल का? माझं अरबी शून्य आहे, हे धरून लिहा.

दर्यावर्दी
सोपं आहे. शब्दाचा अर्थ 'धडपड'. आपल्याकडे येणारा 'जद्दोजहद' त्याच धातूचा. कुराणात लढाईला 'किताल' हा वेगळा शब्द आहे आणि 'जिहाद' तिथे युद्धासाठी येतच नाही. वर धाकट्या आणि थोरल्या जिहादची हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनाची नोंद, आहेच. विषय संपला.

कातिब
दर्यावर्दी, पहिली दोन वाक्यं बरोबर, पुढे गाडी घसरली.

आधी शब्द. ज-ह-द या धातूत समोरचा अडथळा गृहीत आहे, त्याच्याशी जोर लावणं म्हणजे जिहाद. अडथळा काय आहे ते शब्द सांगत नाही, वाक्य सांगतं. याचा लख्ख पुरावा कुराणाच्या ३१:१५ मध्ये, म्हणजे ३१व्या सूऱ्यातल्या, अध्यायातल्या, पंधराव्या आयतीत आहे. तिथे हेच क्रियापद अनेकेश्वरवादी आईबापांसाठी वापरलंय: तू माझ्याबरोबर आणखी कुणाला पुजावंस म्हणून त्यांनी तुझ्याशी 'जिहाद' केला, म्हणजे आटापिटा केला, तर त्यांचं ऐकू नकोस, पण या जगात त्यांच्याशी चांगलंच वाग. इथे जिहाद करणारे मुसलमान नाहीत आणि युद्धाचा तर मागमूस नाही. २५:५२ मध्ये पैगंबरांना सांगितलंय की याच्या साहाय्याने त्यांच्याशी मोठा जिहाद कर. 'याच्या' म्हणजे कुराणाच्या, असं बहुतेक जुने भाष्यकार लावतात. ही सूरा मक्केतली आहे, आणि मक्केतल्या सुमारे १३ वर्षांत हात उचलायची परवानगी नव्हती. तेव्हा तिथला मोठा जिहाद वाणीचा.

आता उलट बाजू. ९:४१ बघा: हलके असा वा जड, निघा, आणि आपल्या मालमत्तेने व जिवाने जिहाद करा. हे ६३० सालच्या तबूकच्या मोहिमेबद्दल आहे. घरी बसणारा आणि असा जिहाद करणारा सारखे नाहीत, असं ४:९५ म्हणते. इथे जिहाद म्हणजे मोहिमेवर जाणंच. त्यामुळे 'युद्धासाठी येतच नाही' हे चूक. किताल हा जिहादचा एक प्रकार आहे, सगळा जिहाद किताल नाही.

हदीसचं जास्त अवघड आहे. 'आपण धाकट्या जिहादकडून थोरल्या जिहादकडे परतलो' हे वाक्य हदीसच्या मुख्य सहा संग्रहांत कुठेच नाही. हदीसचे संग्राहक बैहकींनी ते नोंदवलं आणि सांगणाऱ्यांची साखळी कच्ची असल्याचं स्वतःच लिहून ठेवलं. हदीसचे जाणकार इब्न हजर यांच्या मते ते पैगंबरांचं नाही, इब्राहीम इब्न अबी अब्ला नावाच्या नंतरच्या पिढीतल्या माणसाचं आहे. पंडित इब्न तैमिया तर म्हणतात, त्याला बूडच नाही.

रोखठोक
म्हणजे साखरेचं आवरणच की! एवढ्या गाजलेल्या वाक्याला बूड नाही हे तुम्हीच सांगताय. आता ९:५ पण सांगून टाका: 'दिसतील तिथे अनेकेश्वरवाद्यांना मारा.' यात कुठला मनातला झगडा?

कातिब
रोखठोक, एक वाक्य पडलं म्हणून कल्पना पडत नाही. तिर्मिझींच्या संग्रहात फदाला इब्न उबैद यांच्याकडून आलेली हदीस आहे: मुजाहिद तो, जो स्वतःच्या नफ्सशी, म्हणजे आतल्या वासना-विकारांशी, जिहाद करतो. तिर्मिझींनी तिला पक्की म्हटलंय. बुखारी आणि मुस्लिम या सर्वांत विश्वासार्ह मानल्या जाणाऱ्या दोन्ही संग्रहांत सापडणारी दुसरी तर जास्तच बोलकी आहे. एक माणूस येतो आणि जिहादवर जायची परवानगी मागतो. पैगंबर विचारतात, आईवडील आहेत? तो म्हणतो, आहेत. उत्तर मिळतं: 'फफीहिमा फजाहिद', मग त्या दोघांमध्ये जिहाद कर. तो युद्धावर जायचा जिहाद विचारत होता, त्याला परत पाठवताना शब्द तोच ठेवला आणि मैदान बदललं.

कच्च्या हदीसमधून पडते ती फक्त 'थोरला-धाकटा' ही क्रमवारी. तीही पूर्ण नाही. इब्न तैमियांचेच शिष्य इब्न अल-कय्यिम जिहादचे चार विभाग पाडतात: नफ्सशी, सैतानाशी, नाकारणाऱ्यांशी आणि ढोंग्यांशी. ते म्हणतात, नफ्सशी झगडा हे बाहेरच्या शत्रूशी झगड्याचं मूळ आहे. ज्याला स्वतःला हुकूम पाळायला लावता येत नाही तो बाहेर काय लढणार, हा त्यांचा युक्तिवाद. गुरूने वाक्य नाकारलं, शिष्याने क्रम तोच ठेवला.

९:५ चं सलमाताईंनी सांगावं, फिकहवर, म्हणजे इस्लामी कायद्यावर, त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.

सलमा_इ
आधी एक बारीक गोष्ट: ९:५ मध्ये 'जिहाद' हा शब्दच नाही, तिथे थेट 'मारा' असं आहे. पण तेवढ्यावर मी सुटका करून घेणार नाही.

ही आयत एकटी वाचली की जो अर्थ निघतो तो नवव्या सूऱ्याच्या पहिल्या तेरा आयती सलग वाचल्यावर टिकत नाही. पार्श्वभूमी अशी. ६२८ मध्ये हुदैबियाला मक्केच्या कुरैश टोळीशी दहा वर्षांचा तह झाला. खुझाआ टोळी मुसलमानांच्या बाजूने तहात आली, बनू बक्र कुरैशांच्या बाजूने. मग बनू बक्रने कुरैशांच्या मदतीने खुझाआवर हल्ला केला आणि तह मोडला. ६३० मध्ये मक्का घेतली गेली. पुढच्या वर्षीच्या हजमध्ये या सूऱ्याचा सुरुवातीचा भाग जाहीर वाचून दाखवला गेला.

आता क्रम लावा. दुसऱ्या आयतीत चार महिन्यांची मुदत दिली आहे. चौथीत म्हटलंय, ज्यांनी करार मोडला नाही आणि तुमच्याविरुद्ध कुणाला मदत केली नाही, त्यांचा करार मुदत संपेपर्यंत पाळा. पाचवी तुम्ही दिलीत. सहावीत आहे, त्यांच्यातल्या कुणी आसरा मागितला तर द्या, त्याला देवाचं वचन ऐकू द्या आणि मग त्याला सुरक्षित वाटेल अशा जागी पोचवा. धर्म स्वीकारला तरच पोचवा असं तिथे नाही. तेराव्या आयतीत कारणही सांगितलंय: त्यांनी शपथा मोडल्या आणि पहिल्यांदा सुरुवात त्यांनी केली. 'दिसेल त्याला मारा' असा सरसकट हुकूम असता तर चौथ्या आणि सहाव्या आयतीला काही कामच उरत नाही.

हत्यार उचलण्याची परवानगी मुळात आली ती २२:३९ मध्ये, हिजरतीच्या, म्हणजे पैगंबर मक्केहून मदिनेला गेले त्या, सुमारास: ज्यांच्यावर लढाई लादली जाते त्यांना परवानगी आहे, कारण त्यांच्यावर जुलूम झाला. पुढची आयत म्हणते, लोकांना लोकांकरवी आवरलं नसतं तर मठ, चर्च, यहुद्यांची प्रार्थनास्थळं आणि मशिदी पाडल्या गेल्या असत्या. बचावाची यादी करताना मशिदीचा नंबर शेवटचा आहे, हे मला नेहमी लक्षणीय वाटतं. २:१९० मध्ये हद्द घातली: जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशी लढा, आणि मर्यादा ओलांडू नका.

रोखठोक
हे सगळं 'बचाव' म्हणून छान मांडलंत. पण साम्राज्यं काय बचावात उभी राहिली? जुन्या कायदेपंडितांनी चढाईचा जिहाद मान्य केला होता की नाही? हो किंवा नाही.

सलमा_इ
हो. हे लपवण्यात अर्थ नाही. अभिजात काळातल्या बहुतेक पंडितांनी खलिफाने सीमेपलीकडे मोहीम काढणं वैध मानलं, काहींनी ते वर्षातून एकदा तरी व्हावं असं लिहिलं. आधी धर्माचं आवाहन, नाहीतर जिझिया देऊन संरक्षण, नाहीतर लढाई, असा क्रम. त्यांच्या काळी जग करार नसलेल्या, कायम युद्धात असलेल्या राज्यांचं होतं, आणि ते कायदा त्या जगासाठी लिहीत होते. बऱ्याच भाष्यकारांनी ९:५ ने आधीच्या सौम्य आयती रद्द झाल्या असंही म्हटलंय.

पण त्यांच्यातच एक मोठा वाद होता, तो सहसा सांगितला जात नाही. लढाईचं कारण काय: समोरच्याचा अविश्वास, की त्याने आपल्याशी मांडलेलं वैर? हनफी, मालिकी आणि हंबली या कायदापरंपरांतल्या बहुसंख्यांचं म्हणणं, वैर. शाफिईंचं एक मत, अविश्वास. बहुसंख्यांच्या हातातला पुरावा अबू दाऊदच्या संग्रहात आहे. एका लढाईनंतर पैगंबरांना मारली गेलेली बाई दिसते आणि ते म्हणतात, 'ही तर लढणारी नव्हती.' मारण्याचं कारण अविश्वास असतं तर हे वाक्य निरर्थक ठरतं, कारण अविश्वासू तर तीही होती.

निशिगंध
म्हणजे 'फक्त बचाव' हे आधुनिक मत आहे? मग रोखठोक यांचा मुद्दा थोडा तरी खरा ठरतो.

कातिब
थोडा नाही, बराच. आज बहुसंख्य उलेमा जे म्हणतात ते विसाव्या शतकात ठळक झालं. इजिप्तचे महमूद शल्तूत, जे पुढे १९५८ ते १९६३ अल-अझहर या धर्मविद्यापीठाचे प्रमुख होते, त्यांनी लढाईच्या सगळ्या आयती एकत्र लावून दाखवल्या आणि निष्कर्ष काढला की धर्म लादण्यासाठी लढाई कुठेच नाही. पण पूर्णपणे नवंही नाही. आठव्या शतकातले सुफ्यान अल-सौरी यांचं मत नोंदलेलं आहे की समोरून सुरुवात झाल्याशिवाय लढणं फर्ज, म्हणजे बंधनकारक धर्मकर्तव्य, नाही. ते अल्पमतात होते, इतकंच.

पिंपळपान
मध्येच विचारतो, माफ करा. मला राग फार येतो, घरी आवाज चढतो. हल्ली दात आवळून गप्प बसतो. हा नफ्सशी जिहाद धरायचा का? आणि इज्तिहाद म्हणतात तो हाच ना?

सलमा_इ
इज्तिहाद वेगळा. धातू तोच, पण तो कायदेपंडिताचा: स्पष्ट वचन नसताना बुद्धी पणाला लावून निर्णय काढणं. तो तुमच्या-माझ्या कामाचा नाही.

रागाबद्दल: खरा बलवान कुस्तीत पाडणारा नाही, रागात स्वतःला आवरणारा, ही हदीस बुखारी-मुस्लिममध्ये आहे. आणि अबू दाऊदमध्ये अगदी हाताशी धरता येईल असा उपाय आहे: उभा असशील तर बस, तरी गेला नाही तर आडवा हो. पण नुसतं दात आवळणं म्हणजे अर्धंच काम. धर्मपंडित गझालींनी, मृत्यू ११११, याची पूर्ण पद्धत लिहिली आहे. तिला ते 'मुराबता' म्हणतात. गंमत अशी की रिबात म्हणजे सरहद्दीवरची चौकी. सैनिकांचा शब्द उचलून त्यांनी पहारा आत लावला.

तुमचंच उदाहरण त्यात घालू. सकाळी नफ्सशी अट घालायची, आणि ती मोघम नको. 'आज रागावणार नाही' ही अट पहिल्याच तासात मोडते. 'आज मुलावर आवाज चढवणार नाही' ही पाळली की मोडली ते कळतं. दिवसभर लक्ष ठेवायचं, विशेषतः तोंड उघडण्याच्या आधीच्या क्षणावर: हे मी कशासाठी बोलतोय? रात्री हिशेब. गझाली इथे नफ्सला धंद्यातला भागीदार मानतात: फर्ज हे भांडवल, नफिल इबादत, म्हणजे ऐच्छिक उपासना, हा नफा, पाप हा तोटा, आणि भागीदार लबाड आहे हे धरूनच वही तपासायची. तोटा निघाला तर दंड. मग ज्या बाबतीत सुस्ती दिसली तिथे दुप्पट काम, आणि शेवटी स्वतःची खरडपट्टी.

बिघडतं कुठे? दोन जागी. पहिली, दंड सोडून देणं. गझाली म्हणतात, एकदा सूट दिली की नफ्सला चुकीची चटक लागते आणि पुढच्या वेळी सोडवणं जड जातं. दुसरी, याची जाहिरात. आपण किती संयम राखतो हे चार लोकांना कळावं असं वाटू लागलं की तो रिया, दिखावा झाला, म्हणजे झगडा नफ्सनेच जिंकला, फक्त वेश बदलून. ओळखायची खूण: कुणी बघत नसताना तुमची सकाळची अट टिकते का.

दर्यावर्दी
माझं वरचं विधान मागे. पण मग हत्यारी बचावाला अशाच पायऱ्या आहेत का? की हल्ला झाला असं वाटलं, घे हत्यार?

सलमा_इ
नाही, आणि इथेच सगळी गल्लत होते. एखादा तरुण म्हणतो, अमुक देशात मुसलमानांवर जुलूम चाललाय, मी निघालो. फिकह त्याला चार ठिकाणी अडवतं.

पुकारा कुणी केला? तो अधिकार राज्यकर्त्याचा, गटाचा किंवा वक्त्याचा नाही. आईवडिलांची परवानगी आहे का? वर कातिबभाईंनी दिलेली हदीस याच नियमाचा आधार आहे. कर्ज आहे का? सावकाराला विचारल्याशिवाय जाता येत नाही. आणि चौथं, तुम्ही कुठल्या कराराने बांधलेले आहात? ८:७२ म्हणते, धर्माच्या नावाने त्यांनी मदत मागितली तर ती तुमच्यावर आहे, पण ज्यांच्याशी तुमचा करार आहे अशा लोकांविरुद्ध नाही. ज्या देशाच्या कायद्याच्या आश्रयाने माणूस राहतो तो करारच धरला जातो.

हा चौथा अडसर किती भक्कम आहे ते हुझैफा इब्न अल-यमान यांच्या प्रसंगात दिसतं, मुस्लिमच्या संग्रहात आहे. ६२४ साल, बद्रची लढाई तोंडावर. हुझैफा आणि त्यांचे वडील मदिनेकडे निघालेले असताना कुरैश त्यांना पकडतात आणि 'मुहंमदाच्या बाजूने लढणार नाही' असं वचन घेऊन सोडतात. दोघे येऊन पैगंबरांना सांगतात. मुसलमान होते सुमारे ३१३, समोर जवळपास तिप्पट. वचन जबरदस्तीने घेतलेलं, तेही शत्रूने. तरी उत्तर मिळतं: परत जा, आपण त्यांना दिलेला शब्द पाळू आणि देवाची मदत मागू. दोघे बद्रला नव्हते.

रोखठोक
हे मला माहीत नव्हतं, मान्य. पण मग आजचे हिंसक गट कुठल्या फटीतून शिरतात? तेही आयतीच वाचतात की.

कातिब
फट आहे 'फर्ज-ए-ऐन'ची. साधारणपणे लढणं फर्ज-ए-किफाया, म्हणजे पुरेशा लोकांनी केलं की बाकीचे सुटतात. पण शत्रू थेट गावात घुसला तर तिथल्या प्रत्येकावर ते वैयक्तिक फर्ज होतं आणि आईबाप, सावकार यांची परवानगी गळून पडते. जुना नियम वर्तुळांचा आहे: आधी तिथले लोक, ते कमी पडले तर लगतचे, मग त्यापुढचे. पॅलेस्टिनी धर्मपंडित अब्दुल्ला अज्जाम यांनी अफगाणिस्तानातल्या सोव्हिएतविरोधी लढाईच्या वेळी ही वर्तुळं एकदम जगभर ताणली. आणि फेब्रुवारी १९९८ च्या जाहीरनाम्यात बिन लादेनने तोच शब्द वापरून अमेरिकी नागरिक आणि सैनिक दोघांनाही कुठेही मारणं हे प्रत्येक मुसलमानाचं वैयक्तिक फर्ज ठरवलं.

यात दोन सांधे तुटले. ज्या जागेवर हल्ला झाला तिथलं रक्षण हा मूळ मुद्दाच गेला. आणि फर्ज-ए-ऐन झालं तरी 'कोणाला मारायचं नाही' हा नियम कधीच गळत नाही. बायका-मुलांना मारण्याची मनाई इब्न उमर यांच्याकडून बुखारी-मुस्लिममध्ये आहे. मालिकच्या मुवत्ता या हदीस-संग्रहात पहिले खलिफा अबू बक्र शामकडे, म्हणजे सीरियाकडे, निघालेल्या सेनापतीला दहा गोष्टी बजावतात: बाई, मूल, म्हातारा मारू नका, फळझाड तोडू नका, वस्ती उजाड करू नका, खाण्यापुरतं सोडून मेंढी-उंट मारू नका, अशा. मठात बसलेल्यांना त्यांच्या वाटेने राहू द्या, हेही तिथेच. परवानगीच्या अटी सुटतात, मारण्याच्या अटी सुटत नाहीत. कुणाचंही पत्रक हातात आलं की मी एवढंच बघतो: लेखक पहिल्या अटी सुटल्याचं सांगताना दुसऱ्याही गुपचूप सोडतोय का.

रोखठोक
माझा एक प्रश्न उरतोच. सौरी अल्पमतात होते, शल्तूत विसाव्या शतकातले. मग चढाई मान्य करणाऱ्या मधल्या हजार वर्षांच्या बहुमताचं काय करायचं? 'ते जग वेगळं होतं' एवढं म्हणून भागतं?

सलमा_इ
काहींच्या मते भागतं, कारण राज्यांमध्ये करार हाच नियम झाल्यावर ८:७२ आणि ९:४ लागू होतात आणि चढाईला जागाच राहत नाही. काहींच्या मते जुना नियम तसाच आहे, फक्त तो लागू करणारा वैध खलिफा नाही म्हणून स्थगित. या दोन उत्तरांतला फरक छोटा नाही, आणि त्यावर एकमत झालेलं नाही.

पिंपळपान
सलमाताई, दंड किती घ्यायचा? एक दिवस उपास चालेल?

सलमा_इ
चालेल, पण उपाशी असताना तुमचा आवाज आणखी चढणार असेल तर दुसरा शोधा. दंड नफ्सला बोचला पाहिजे, घरच्यांना नाही.